ईआरपीचे बजेट: एकदाचा खर्च आणि दरवर्षीचा खर्च

ईआरपीच्या कोटेशनच्या शेवटच्या पानावर एक बेरीज असते, आणि कारखान्याच्या मालकाची नजर सगळ्यात आधी तिथे जाते. त्या एका आकड्यात बहुतेक वेळा तीन गोष्टी एकत्र झालेल्या असतात: सल्लागारांच्या काही महिन्यांच्या कामाची फी, सॉफ्टवेअरचे पहिल्या वर्षाचे सबस्क्रिप्शन आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी. मालक हाच आकडा 'सॉफ्टवेअरची किंमत' म्हणून डोक्यात ठेवतो, बँकेशी किंवा भावांशी त्याच आकड्यावर बोलतो आणि होकार देतो. बारा महिन्यांनी नूतनीकरणाचे बिल येते. त्यापाठोपाठ देखभालीचे येते, मग कुणीतरी सुचवलेल्या दोन रिपोर्टांचे येते. फसवणूक कुणी केलेली नसते, सगळे काही कोटेशनच्या अटींत लिहिलेले असते. फक्त एकदाच करायचा खर्च आणि दरवर्षी होणारा खर्च वेगवेगळे मांडून पाहिलेले नसतात.

हे वेगळे मांडणे कसे करायचे, ते एका उदाहरणावरून नीट कळेल. कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत असतात तशी एक मध्यम फाउंड्री धरू. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, उलाढाल २२ कोटी. हिशेब टॅलीत, स्टोअरचा साठा एक्सेलमध्ये आणि जॉबवर्कला गेलेल्या मालाची नोंद रजिस्टरमध्ये. पुढचे रुपयांचे आकडे गणित समजावे म्हणून धरलेले आहेत. प्रत्येक कारखान्याचे दर वेगळे निघतील, पण खर्चाची नावे हीच राहतील.

या फाउंड्रीला ईआरपी का हवी, हे बजेटच्या आधी लिहून काढावे लागते, कारण खर्च त्या कारणाभोवतीच फिरतो. कास्टिंग ओतले जाते किलोवर आणि विकले जाते नगावर. त्यामुळे साठा दोन मापांत सांभाळावा लागतो आणि एक्सेलमध्ये तो महिन्याच्या अखेरीस हमखास बिघडतो. मशिनिंग बाहेरच्या पाच-सहा शेडमध्ये होते. जीएसटीच्या नियमाने जॉबवर्कला पाठवलेला माल एका वर्षाच्या आत परत यावा लागतो. तो आला नाही, तर पाठवला त्या दिवशीच विकला असे मानून कर भरावा लागतो. कोणत्या शेडमध्ये किती नग किती दिवसांपासून पडून आहेत, हे रजिस्टर चाळल्याशिवाय सांगता येत नाही. म्हणजे या कंपनीला सगळ्यात जास्त गरज स्टोअर आणि जॉबवर्कची आहे. हिशेबाचे काम टॅलीत ठीक चालले आहे.

आता दोन कोरे तक्ते घ्यायचे. पहिल्यावर 'एकदाचे' आणि दुसऱ्यावर 'दरवर्षीचे' असे लिहायचे. कोटेशनमधली प्रत्येक ओळ उचलून तिला एकच प्रश्न विचारायचा: पुढच्या एप्रिलमध्ये आपण नवे काहीही मागितले नाही, तरी हे बिल येईल का? येणार असेल तर ती ओळ दुसऱ्या तक्त्यात. या तक्त्यातल्या ओळींना आणखी एक प्रश्न विचारायचा: संगणकावर बसणारी माणसे वाढली तर हा आकडा वाढेल का? ज्या ओळींचे उत्तर 'हो' असेल, त्यांच्यासमोर खूण करायची. पाच वर्षांत बजेट जिथून फुगते, ती जागा या खुणा दाखवतात.

फाउंड्रीचा पहिला तक्ता असा भरतो. सल्लागारांचे अंमलबजावणीचे काम ६० मनुष्यदिवस, दिवसाला ९,००० रुपये, म्हणजे ५ लाख ४० हजार. जुन्या नोंदी साफ करून नव्या सॉफ्टवेअरमध्ये आणायला ९० हजार. फाउंड्रीच्या गरजेप्रमाणे करून घ्यायचे बदल, म्हणजे हीट नंबरसह टेस्ट सर्टिफिकेट, जॉबवर्कच्या मालाचे वय दाखवणारा रिपोर्ट आणि वजनकाट्याची जोडणी, यांचे २५ मनुष्यदिवस म्हणजे सव्वादोन लाख. प्रशिक्षण ७५ हजार. स्टोअरपर्यंत नेटवर्क, तीन संगणक आणि लेबल प्रिंटर मिळून २ लाख १० हजार. शेवटची ओळ कोटेशनमध्ये कधीच नसते: जुने आणि नवे सॉफ्टवेअर दोन महिने शेजारी शेजारी चालवण्याचा खर्च. अकाउंटंट आणि स्टोअरकीपर तेच व्हाउचर दोनदा भरतात, ओव्हरटाइम द्यावा लागतो, एखादा तात्पुरता माणूस घ्यावा लागतो. त्यासाठी १ लाख १० हजार. एकूण साडेबारा लाख, आणि वर दोन लाख राखीव. हे राखीव पैसे तक्त्यात जरूर दाखवावेत, पण विक्रेत्याला सांगू नयेत. सांगितले की कामाचा अंदाज तिथपर्यंत पोचतोच.

जुन्या नोंदींच्या ओळीपाशी थोडे थांबायला हवे, कारण तिथे पैसा वाचवता येतो. मालकाला वाटते, दहा वर्षांचा सगळा व्यवहार नव्यात आला पाहिजे. त्याची गरज क्वचितच असते. वस्तूंची, ग्राहकांची आणि पुरवठादारांची यादी, सुरुवातीच्या शिलका, साठा आणि बिलवार येणे-देणे एवढे आले की पुरते. बिलवार हा शब्द इथे महत्त्वाचा. ग्राहकाकडून एकूण ८ लाख येणे आहे एवढीच नोंद आली आणि कोणत्या सात बिलांचे आहे ते आले नाही, तर पहिल्याच महिन्यात आलेले चेक कोणत्या बिलासमोर लावायचे हा घोळ सुरू होतो. जुने व्यवहार टॅलीतच राहू द्यावेत. टॅलीचा परवाना कायमचा असतो. टीएसएस नावाचे वार्षिक नूतनीकरण थांबवले तर नवी आवृत्ती आणि ऑनलाइन सोयी थांबतात, जुना डेटा मात्र उघडत राहतो.

यादी साफ करण्याचे काम सल्लागाराला देऊ नये. '२० एमएम बोल्ट', 'बोल्ट २० मिमी' आणि 'बोल्ट-२०' ही एकच वस्तू आहे की तीन, हे स्टोअरकीपर पाच मिनिटांत सांगतो. सल्लागार त्यासाठी त्यालाच फोन करतो आणि दिवसाचे ९,००० लावतो.

दुसरा तक्ता पहिल्यापेक्षा साधा दिसतो आणि म्हणूनच दुर्लक्षित राहतो. बारा वापरकर्ते, दरमहा प्रत्येकी १,५०० रुपये, म्हणजे वर्षाला २ लाख १६ हजार सबस्क्रिप्शन. स्थानिक सल्लागाराचा वार्षिक देखभाल करार १ लाख २० हजार. करून घेतलेल्या बदलांची निगा ४५ हजार. ई-इन्व्हॉइस आणि ई-वे बिल थेट सॉफ्टवेअरमधून निघावे म्हणून मधल्या सेवेचे २० हजार. ई-इन्व्हॉइस १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींच्या वरच्या उलाढालीला लागू आहे, त्यामुळे २२ कोटींच्या फाउंड्रीला ई-इन्व्हॉइस टाळता येत नाही. क्लाउडवर काम आहे म्हणून दुसऱ्या कंपनीची इंटरनेट लाइन, २४ हजार. जादा जागा आणि बॅकअप १५ हजार. नव्या माणसांचे प्रशिक्षण ३६ हजार. जुनी टॅली पहिली काही वर्षे चालू ठेवायला १४ हजार. एकूण ४ लाख ९० हजार.

प्रशिक्षण दोन्ही तक्त्यांत आले, ते चुकून नव्हे. पहिले प्रशिक्षण एकदाच होते हे खरे. पण स्टोअरमधला मुलगा वर्ष-दीड वर्षात दुसरीकडे जातो. नवा येतो आणि आधीच्याने दाखवले तेवढेच शिकतो. तिसऱ्या वर्षी जॉबवर्कचे चलन कुणी ईआरपीत भरतच नाही, ते पुन्हा रजिस्टरमध्ये जाते. दरवर्षी चार दिवसांचे प्रशिक्षण बजेटमध्ये नसेल, तर ते होत नाही.

करून घेतलेल्या बदलांची गोष्टही तशीच आहे. सव्वादोन लाख एकदा दिले की ते काम संपले असे वाटते. पण क्लाउडवरचे सॉफ्टवेअर वर्षातून काही वेळा आपोआप नव्या आवृत्तीवर जाते. त्या प्रत्येक वेळी आपल्यापुरते केलेले बदल तपासावे लागतात, कधी नव्याने लिहावे लागतात. म्हणून बदलाच्या किमतीच्या वीस टक्के रक्कम दरवर्षीच्या तक्त्यात धरणे व्यवहार्य ठरते. फाउंड्रीच्या तक्त्यातले ४५ हजार याच हिशेबाने आले. पाच वर्षांत तेवढ्यात मूळ बदलाची किंमत पुन्हा एकदा भरली जाते. त्यामुळे बदल मागणाऱ्या खात्याला दोन्ही आकडे एकदम सांगावेत. 'हा रिपोर्ट ३६ हजारांचा' असे न सांगता '३६ हजार आत्ता आणि मग दरवर्षी सात हजार' असे सांगितले, की निम्म्या मागण्या आपोआप मागे घेतल्या जातात. फाउंड्रीत हीट नंबरचे सर्टिफिकेट ग्राहकाला द्यावेच लागते, म्हणून तो बदल राहील. व्हाउचरची छपाई जुन्यासारखीच दिसावी ही मागणी मात्र सोडून देता येते.

बदलांचा हा खर्च दुर्लक्षित राहिला तर काय होते, याचे अलीकडचे एक मोठे उदाहरण इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम महापालिकेचे. १९९९ पासून वापरात असलेली सॅप प्रणाली सोडून पालिकेने ओरॅकलच्या क्लाउड प्रणालीवर जायचे ठरवले. मूळ अंदाज सुमारे दोन कोटी पौंडांचा होता. सॉफ्टवेअर जसे आहे तसे वापरायचे आणि आपल्या कामाच्या पद्धती त्याप्रमाणे बदलायच्या, असे सुरुवातीचे धोरण होते. प्रत्यक्षात बदल वाढत गेले. बँकेशी ताळा घेणारा भाग तर फारच बदलला गेला. एप्रिल २०२२ मध्ये प्रणाली सुरू झाली आणि जमा झालेला पैसा कोणत्या खात्याचा हेच नीट लागेना. हाताने दुरुस्त्या करण्यासाठी माणसे लावावी लागली. २०२३ मध्ये खर्चाचा अंदाज दहा कोटी पौंडांवर पोचला आणि प्रणाली मूळ रूपात पुन्हा बसवण्याचे ठरले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पालिकेने आपण आर्थिक अडचणीत असल्याची कायदेशीर नोटीस काढली. तिचे मुख्य कारण समान वेतनाच्या थकबाकीचे होते, पण या प्रणालीचा खर्चही त्यात नोंदला गेला. शिरोलीच्या फाउंड्रीचा आणि बर्मिंगहॅमचा आकार वेगळा आहे, खर्च वाढण्याची रीत एकच. बँकेचा ताळा हे प्रत्येक हिशेबी सॉफ्टवेअरमध्ये तयार मिळणारे काम. तिथे आपला वेगळा बदल हवा असे कुणी म्हणाले, तर सॉफ्टवेअर बदलण्याआधी कामाची पद्धत बदलता येते का ते पाहावे.

खर्चाची रेषा कुठे पडते हे सॉफ्टवेअर कोणत्या प्रकारचे आहे त्यावरही ठरते. टॅलीप्राइमसारख्यात परवाना एकदा विकत घ्यायचा आणि नूतनीकरण त्या मानाने कमी. सॅपच्या कंपनीतच बसवायच्या जुन्या पद्धतीत परवाना विकत घेऊन वर दरवर्षी देखभाल भरावी लागते. तिच्या एंटरप्राइझ सपोर्टचा दर परवान्याच्या किमतीच्या २२ टक्के ठरलेला आहे, म्हणजे पाच वर्षांच्या आत परवान्याएवढा पैसा देखभालीतच जातो. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीची ईआरपीनेक्स्ट मुक्त स्रोताची आहे, तिला परवाना फी नाही आणि वापरकर्ते मोजले जात नाहीत. तिथे खर्च सर्व्हरचा आणि तो सांभाळणाऱ्या माणसाचा. परवाना शून्य आहे म्हणून बजेट लहान होईलच असे नाही. अंमलबजावणी, नोंदी आणणे, प्रशिक्षण आणि दोन महिन्यांचे दुहेरी काम तेवढेच राहते. पण कारखान्यात चाळीस-पन्नास माणसांना सॉफ्टवेअर उघडायचे असेल, तर वापरकर्त्यामागे पैसे न लागण्याचा फायदा मोठा असतो.

फाउंड्रीच्या बाबतीत आता पाच वर्षांचा हिशेब करता येतो. बहुतेक जण ४ लाख ९० हजारांना पाचने गुणतात आणि साडेचोवीस लाख धरतात. खुणा केलेल्या ओळी इथे आठवायच्या. दुसऱ्या वर्षापर्यंत बारा वापरकर्ते पुरतील, तिसऱ्या वर्षी दुसरी पाळी सुरू झाली की पंधरा होतील, पाचव्या वर्षी अठरा. नूतनीकरणाच्या वेळी दर आठ टक्क्यांनी वाढतो असे धरले, तर महिन्याचे १,५०० रुपये पाचव्या वर्षी सुमारे २,०४० होतात. पहिल्या वर्षी २ लाख १६ हजार असलेले सबस्क्रिप्शन पाचव्या वर्षी ४ लाख ४१ हजारांवर जाते. दर दुप्पट झालेला नसतो, माणसेही दुप्पट झालेली नसतात, पण दोन्ही मिळून बिल दुप्पट होते. पाच वर्षांचे सबस्क्रिप्शन सुमारे साडेपंधरा लाख. बाकीचे दरवर्षीचे खर्च आहेत तेवढेच राहिले तरी १३ लाख ७० हजार. एकदाच्या साडेचौदा लाखांत हे मिळवले की बेरीज साधारण पावणेचव्वेचाळीस लाख येते, आणि तिचे दोन तृतीयांश दुसऱ्या तक्त्यातले असतात. ज्या कोटेशनवर होकार दिला जातो, त्यात अंमलबजावणी आणि पहिल्या वर्षाचे सबस्क्रिप्शन एवढेच धरले, तर आकडा साडेसात लाखांच्या आसपास असतो.

हे गणित समोर असले की घासाघीस कुठे करायची ते बदलते. मालकाचा जोर अंमलबजावणीच्या फीवर असतो. खूप ताणून दहा टक्के सूट मिळाली तर ५४ हजार वाचतात, आणि सल्लागार ती भरपाई अनुभवी माणसाऐवजी नवखा पाठवून करतो. त्याऐवजी पहिली तीन वर्षे दर १,५०० च राहील आणि नंतरही वाढ वर्षाला आठ टक्क्यांच्या वर जाणार नाही, अशी एक अट करारात घालून घेतली तर याच आकड्यांवर सुमारे पावणेदोन लाख वाचतात. विक्रेत्याला ती अट द्यायला फारशी अडचण नसते, कारण सही व्हायची असते. सही झाल्यावर दुसऱ्या वर्षी ती मागून मिळत नाही. अट तोंडी नको, करारातच हवी, आणि तिथे वापरकर्ते कमी करण्याचीही मुभा हवी. अनेक करारांत संख्या वर्षाच्या मध्ये वाढवता येते, पण कमी करायला नूतनीकरणाची तारीख गाठावी लागते. एक पाळी बंद पडली तरी तिचे पैसे चालू राहतात.

वापरकर्ते वाचवायला काही ठिकाणी एकच लॉगिन तिघे वापरतात. कंपनीसाठी ही काटकसर धोक्याची आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबी सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक नोंदीतल्या बदलाचा माग राहणे आणि तो बंद करता न येणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि लेखापरीक्षकाला त्यावर आपल्या अहवालात लिहावे लागते. 'स्टोअर१' या नावाने तिघे जण नोंदी करत असतील, तर तो माग उरतो नावापुरता. खर्च कमी करायचा असेल तर कुणाला पूर्ण परवाना लागतो आणि कुणाला फक्त पाहण्याचा किंवा मंजुरीचा, हे विचारावे. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये दुसऱ्या प्रकारचा परवाना स्वस्त असतो. मालक स्वतः एकही व्हाउचर भरत नाही. त्याला पूर्ण परवाना कशाला?

सबस्क्रिप्शन कोणत्या दिवशी सुरू होते, ही ओळ करारात शोधावी. साधारणपणे ते सहीच्या दिवसापासून सुरू होते आणि काम सुरू व्हायला पाच महिने लागतात. त्या काळात सॉफ्टवेअर सल्लागार, अकाउंटंट आणि फार तर दोन-तीन माणसे उघडतात. फाउंड्रीने पहिले पाच महिने चारच वापरकर्ते घेतले आणि उरलेले आठ प्रत्यक्ष सुरुवातीला जोडले, तर ६० हजार रुपये वाचतात. त्यात स्टोअरमधल्या लेबल प्रिंटरचा खर्च निघून जातो.

सुरुवातीची तारीखही खर्च ठरवते. १ एप्रिल सोयीचा वाटतो, कारण वर्ष नवे, बिलांचे क्रमांक नवे, शिलका स्वच्छ. पण मार्च-एप्रिलमध्ये हिशेबखात्यावर वर्षअखेरीचे ओझे असते. त्यातच दोन सॉफ्टवेअर चालवायची म्हटली की ओव्हरटाइमची ओळ फुगते, किंवा दुहेरी काम अर्ध्यावर सोडले जाते. १ जुलै किंवा १ ऑक्टोबरला तिमाहीची स्वच्छ सुरुवात मिळते. तेव्हा वर्षातल्या आधीच्या महिन्यांच्या खातेवार बेरजा आणाव्या लागतात, एवढेच जादा काम.

आता हे पैसे कोणत्या खिशातून येणार? संगणक, नेटवर्क आणि कायमचा विकत घेतलेला परवाना ही मालमत्ता, तिच्यावर घसारा मिळतो. बँक कर्ज देताना हाच भाग पाहते. सबस्क्रिप्शन, देखभाल आणि प्रशिक्षण त्या त्या वर्षाच्या खर्चात जातात आणि खेळत्या भांडवलातून द्यावे लागतात. मधली अडचणीची ओळ अंमलबजावणीच्या फीची. सॉफ्टवेअर स्वतःचे नसून क्लाउडवर भाड्याने वापरायचे असेल, तर त्याच्या मांडणीवर आणि बदलांवर केलेला खर्च बहुतेक वेळा मालमत्ता धरता येत नाही. आंतरराष्ट्रीय लेखामानकांचा अर्थ लावणाऱ्या समितीने एप्रिल २०२१ मध्ये हेच स्पष्ट केले. म्हणजे फाउंड्रीचे साडेपाच-आठ लाख त्याच वर्षीच्या नफ्यातून वजा होऊ शकतात. मानके कोणती लागू आहेत त्यावर उत्तर बदलते, म्हणून सीएला हा प्रश्न सहीनंतर विचारण्यात अर्थ नाही, आधीच विचारावा. ज्या वर्षी बँकेला चांगला नफा दाखवून मर्यादा वाढवून घ्यायची आहे, त्याच वर्षी हा खर्च आला तर बोलणी अवघड होतात.

जीएसटीचे क्रेडिट नियमित करदात्याला मिळते, त्यामुळे बजेटचे आकडे कराशिवाय धरावेत. पैसे मात्र आधी करासकट जातात, तेवढी रोख हाताशी हवी. कंपोझिशन योजनेतल्या व्यापाऱ्याला क्रेडिट नाही, त्याने प्रत्येक आकड्यावर १८ टक्के वाढवूनच पाहावे. सॉफ्टवेअर परदेशी कंपनीकडून डॉलरमध्ये घेतले असेल, तर रिव्हर्स चार्जने कर स्वतः भरावा लागतो आणि रुपया घसरला की दुसरा तक्ता बदलतो.

काम सुरू झाल्यावर पहिला तक्ता बिघडतो आहे हे कसे ओळखायचे? खर्च झालेले रुपये पाहून ते उशिरा कळते. मनुष्यदिवस पाहावेत. साठपैकी छत्तीस दिवस संपले आणि जुन्या-नव्या ट्रायल बॅलन्सचा एकदाही ताळा लागलेला नाही, साठ्याची किंमत जुळलेली नाही, तर उरलेल्या चोवीस दिवसांत काम होणार नाही, हे धरून चालावे. राखीव दोन लाखांचा निर्णय तेव्हाच घ्यायचा, शेवटच्या आठवड्यात नाही. सल्लागाराचे हप्तेही याच टप्प्यांना बांधावेत. सहीच्या वेळी थोडे, ट्रायल बॅलन्स आणि बिलवार येणे-देणे जुळल्यावर मोठा हिस्सा, आणि निदान पंधरा टक्के नव्या सॉफ्टवेअरमध्ये दोन महिन्यांचे हिशेब बंद करून दाखवल्यावर. 'प्रशिक्षण पूर्ण' किंवा 'मांडणी पूर्ण' अशा टप्प्यांवर पैसे दिले, तर काम जुळले की नाही हे कळायच्या आतच बहुतेक रक्कम निघून जाते.

पहिल्या तक्त्यात एक ओळ शेवटी वाढवायची असते आणि ती वाढवायला बहुतेक जण विसरतात: हे सॉफ्टवेअर सोडायची वेळ आली तर लागणारा खर्च. कंपनीला हिशेबाची पुस्तके आठ वर्षे जपावी लागतात, जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने. टॅलीसारख्या कायमच्या परवान्यात जुना डेटा संगणकावर राहतो. भाड्याच्या सॉफ्टवेअरचे पैसे थांबले की दारच बंद होते. मग नुसत्या जुन्या नोंदी पाहण्यासाठी एक-दोन वापरकर्त्यांचे सबस्क्रिप्शन पुढची कित्येक वर्षे भरत राहावे लागते, किंवा सगळे बाहेर काढून ठेवावे लागते. म्हणून सही करण्याआधी विक्रेत्याला तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: सगळे व्हाउचर कोणत्या स्वरूपात मिळतील, त्यांना जोडलेली बिले आणि चलने सोबत मिळतील का, आणि बदलांचा मागही बाहेर काढता येईल का. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण तो मागही पुस्तकांइतकाच काळ जपायचा असतो आणि एक्सेलमध्ये काढलेल्या खातेवहीत तो नसतो. फाउंड्रीने या ओळीसमोर ४० हजार लिहिले आणि पहिल्या वर्षीच एकदा पूर्ण डेटा काढून, टॅलीच्या जुन्या संगणकाशेजारी ठेवलेल्या दुसऱ्या संगणकावर तो उघडतो का हे पाहिले, तर पुढे नूतनीकरणाच्या दरावर बोलताना तिच्याकडे निघून जाण्याचा पर्याय खरोखर असेल.